छातीच्या एक्स-रेवरचे मोठे हृदय

हृदयाचा आकार मोजताना फिल्मवर मणक्यांच्या मध्यातून उभी रेघ धरतात. तिच्यापासून हृदयसावलीची उजवी व डावी कड जिथे सर्वांत दूर असते, ती दोन अंतरे मिळवून छातीच्या आतल्या कमाल रुंदीने भागतात. प्रौढांत उत्तर साधारण ०.५ च्या आत हवे.

समजा, खाटेवरच्या रुग्णाच्या फिल्मवर ४.५ अधिक १०.५, म्हणजे १५ सेंमी हृदय आणि २८ सेंमी छाती भरली: ०.५४. पण इथे किरण समोरून आले. हृदय फिल्मपासून लांब राहिल्याने सावली फुगली. खांद्याची पाती फुप्फुसांवर आलेली दिसली की ही शंका घ्यावीच. श्वास अर्धवट घेतला असेल, तर पडदा वर चढून हृदय आडवे पसरते. उभे राहून, पूर्ण श्वास घेऊन, पाठीमागून काढलेल्या फिल्मवर तेच हृदय १३.५, छाती २९ आणि गुणोत्तर ०.४७ भरू शकते. तरीही संशय उरल्यास इको करतात.