पाण्यात आम्ल, आम्लात पाणी नाही

नववीचा वर्ग पहिल्यांदा प्रयोगशाळेत येतो, तेव्हा भिंतीवरचा नियमांचा फलक सगळ्यांना एकदा वाचायला लावला जातो. मुले एका सुरात वाचतात आणि विसरतात. 'आम्लात पाणी ओतू नये, पाण्यात आम्ल ओतावे' हा त्यातला सर्वांत पाठ असलेला नियम. पण एखादा विद्यार्थी विचारतोच, ''शेवटी दोन्ही मिसळणारच ना? मग आधी काय ओतले याने काय फरक पडतो?'' प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर फलकावर नसते.

संहत सल्फ्युरिक आम्ल पाण्याच्या जवळपास पावणेदोन पट जड असते. शंभर मिलिलिटर आम्लाचे वजन सुमारे 184 ग्रॅम भरते. शिवाय पाण्यात मिसळताना ते प्रचंड उष्णता बाहेर टाकते. आता आम्लाने भरलेल्या चंचुपात्रात थोडे पाणी ओतले असे समजा. हलके पाणी वरच तरंगते. जिथे दोन्ही एकमेकांना भिडतात, तेवढ्या पातळ थरात सगळी उष्णता एकवटते आणि मूठभर पाणी क्षणात उकळते. वाफ बाहेर फेकली जाते, ती आम्लाचे थेंब सोबत घेऊन. समोर वाकून पाहणाऱ्याचा चेहरा तिथेच असतो.

उलट केले तर जड आम्ल पाण्यातून खाली जाते, वाटेत मिसळत जाते आणि उष्णता भरपूर पाण्यात वाटली जाते. तरीही घाई चालत नाही. शंभर मिलिलिटर विरल आम्ल करायचे असेल तर शिक्षक साधारण 90 मिलिलिटर पाणी उष्णतारोधक काचेच्या चंचुपात्रात घेतात, ते थंड पाण्याच्या टोपात ठेवतात आणि दहा मिलिलिटर आम्ल काचेच्या कांडीवरून थोडेथोडे सोडत ढवळतात. भांडे बाहेरून गरम लागले की थांबायचे. हे काम मुलांच्या हाती द्यायचे नसते. त्यांना तयार विरल आम्लच मिळते.

विरल म्हणजे निरुपद्रवी, असा समज मात्र इथेच होतो. विरल सल्फ्युरिक आम्लाचा थेंब सुती शर्टावर पडला तर त्या वेळी काहीच दिसत नाही. पण त्यातले पाणी उडून जाते, आम्ल मात्र उडत नाही. त्याचा उत्कलनांक तीनशे अंशांच्याही वर आहे. थेंब वाळताना कापडावरच संहत होत जातो आणि पुढच्या धुण्यात शर्टाला भोक पडते. आई साबणाला दोष देते. म्हणून थेंब कुठेही पडला तरी लगेच पाण्याने धुवायचा, ओट्यावर पडला तरी.

परीक्षानळी तापवताना ती तिरकी धरा आणि तोंड कोणाकडेही नको, हाही असाच नियम. बुडाशी एकाच जागी ज्योत लावली की तळाचा द्रव आधी उकळतो, पण वरचा थंड द्रव त्याच्यावर बसलेला असतो. अडकलेल्या वाफेचा बुडबुडा एकदम सुटतो आणि वरचा सगळा द्रव पिचकारीसारखा नळीबाहेर उडवतो. म्हणून नळी एक तृतीयांशपेक्षा जास्त भरायची नाही, ज्योत द्रवाच्या वरच्या भागापासून सुरू करून नळी हलती ठेवायची. आत धक्के जाणवू लागले, तर नळी लगेच ज्योतीवरून बाजूला घ्यायची.

चष्म्याबाबत मुले सर्वाधिक टाळाटाळ करतात, विशेषतः 'आज आम्ल नाही, फक्त सोडिअम हायड्रॉक्साइड आहे' असे कळल्यावर. हा हिशेब उलटा आहे. आम्ल डोळ्यातली प्रथिने गोठवते आणि तो गोठलेला थर आम्लाला आत जायला काही प्रमाणात अडवतो. कॉस्टिक सोडा असा अडसर तयार होऊ देत नाही. तो पेशींतल्या स्निग्ध पदार्थांचा साबण करत, प्रथिने विरघळवत आत शिरत राहतो. त्यामुळे डोळ्याच्या बाबतीत आम्लारीची भीती बहुधा जास्तच बाळगायला हवी.

डोळ्यात काहीही उडाले तर पहिली गोष्ट नळ. पापण्या बोटांनी उघड्या धरून किमान पंधरा-वीस मिनिटे वाहते पाणी, आणि मग थेट डॉक्टरकडे. आम्ल उडाले म्हणून त्यावर खायचा सोडा, सोडा उडाला म्हणून व्हिनेगर, असले उपाय डोळ्यावर तर मुळीच करायचे नाहीत. उदासिनीकरणातही उष्णता निर्माण होते, शिवाय बाटली शोधण्यात मोलाची मिनिटे जातात.

त्वचेवर आम्लारी सांडले तर सुरुवातीला दुखतही नाही, फक्त बोटे साबण लावल्यासारखी बुळबुळीत लागतात. तो साबण खराच असतो, आपल्याच त्वचेतल्या स्निग्धांशाचा. बुळबुळीतपणा गेला तरी हात लगेच काढून घेऊ नये, पाणी आणखी काही मिनिटे वाहू द्यावे.