कानाला गोड, कागदावर चूक: विशेषण आणि नाम

मंडळी, आपल्या वालूरच्या बारवेचं वर्णन करायचं असं धरू. उदाहरणासाठी मीच दोन वाक्यं रचली आहेत. ‘बारवेच्या चक्राकार पायऱ्या, कडेच्या दगडांसकट, गुळगुळीत आणि झिजलेले आहेत. भोवतालची झाडे उंच आहेत, पण काही वाळलेले आहेत.’

मोठ्यानं वाचा. अडखळलात का? बहुधा नाही. तरी दोन्ही वाक्यांत चूक आहे.

पहिल्यात ‘झिजलेले’ कोण? पायऱ्या. म्हणजे ‘झिजलेल्या’ हवं. मग कान का फसला? एक तर मध्ये ‘दगड’ येऊन बसला, आणि दगड झिजलेलेच असतात. दुसरं, ‘गुळगुळीत’ हे विशेषण बदलतच नाही. गुळगुळीत पायरी, गुळगुळीत दगड, सगळं चालतं. उंच, खोल, सुंदर ही त्याच जातीची. अशी विशेषणं लिंगवचनाचा माग पुसून टाकतात. शेवटचं ‘आहेत’ही दोघांना सारखंच लागतं, तेही इशारा देत नाही.

उपाय साधा आहे. जे विशेषण बदलतं ते उचलून त्याच्या नामाला चिकटवा. ‘झिजलेले पायऱ्या’! आता कुणाच्याही कानाला खडा लागेल.

दुसरं वाक्य आपल्या भागाचं खास. ‘पोरं मोठे झाले’, ‘झाडं वाळले’ असं आपण रोज बोलतो. बोलण्यात त्याला मी चूक म्हणणार नाही, ती इथली रीत आहे. पण प्रमाण लेखनात नपुंसकलिंगी अनेकवचनाला ‘ई’ लागते: वाळलेली झाडे. गंमत पाहा, लिहिणाऱ्यानं ‘भोवतालची झाडे’ बरोबर लिहिलं. नाम शेजारी होतं तोवर लिंग टिकलं, ‘पण’ ओलांडला आणि बोली परत आली. म्हणून तपासताना ‘पण’, ‘आणि’च्या पुढचं विशेषण आधी बघावं.

आता उलटी गोष्ट. ‘रिकामे कोनाडे’ आणि ‘रिकामे देऊळ’. पहिलं पुल्लिंगी अनेकवचन, दुसरं नपुंसकलिंगी एकवचन, आणि लिहिताना विशेषण एकच. पूर्वी ‘रिकामें देऊळ’ असा अनुस्वार असे. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि डोळ्याची ती खूण मिटली. इथं मात्र कान मदतीला येतो: आपण ‘रिकामं देऊळ’ म्हणतो, पण ‘रिकामं कोनाडे’ कधीच म्हणत नाही.

आणि नामाला प्रत्यय लागला की चिंताच नको. जुन्या बारवेत, जुन्या दगडावर, जुन्या देवळात. तिन्ही लिंगांना ‘जुन्या’च. तिथं विसंगती शोधण्यात वेळ घालवू नका.