‘अवारिफुल मआरिफ’ मधील पीर-मुरीदांची परस्परकर्तव्ये

सूफी पंथातील गुरुशिष्यसंबंधाचा विचार करताना मुरीदाच्या शरणागतीवरच बहुधा भर दिला जातो. पीरावर असलेल्या बंधनांकडे त्यामानाने दुर्लक्ष होते. शिष्टाचारविषयक ग्रंथांत मात्र दोन्ही बाजू शेजारी शेजारी मांडलेल्या आहेत. बगदादचे शेख शिहाबुद्दीन उमर सुहरावर्दी (मृत्यू इ. स. 1234) यांचा ‘अवारिफुल मआरिफ’ हा अरबी ग्रंथ ह्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. त्याच्या 63 अध्यायांपैकी 51 व्या अध्यायात मुरीदाने पीराशी कसे वागावे हे सांगितले असून, 52 व्या अध्यायात पीराने मुरीदांशी कसे वागावे ह्याचे विवेचन आहे. ‘अदब’ हा शब्द दोहोंनाही सारखाच लागू केला आहे, ही गोष्ट लक्षणीय होय.

मुरीदाच्या अदबीचा पाया सुहरावर्दींनी कुराणाच्या 49 व्या सूरेत घातला आहे. पैगंबरांच्या पुढे जाऊ नये व त्यांच्यासमोर आवाज चढवू नये, ही तेथील शिकवण ते पीराच्या मजलिशीस लावतात. मुरीदाने विचारल्यावाचून बोलू नये. पीराची मनःस्थिती पाहून मगच प्रश्न करावा. आणि आपली आंतरिक अवस्था त्याच्यापासून लपवू नये. पीराचे एखादे कृत्य अनाकलनीय वाटले, तर मूसा व खिज्र यांची कथा स्मरावी. तेथे मूसाने घाईने आक्षेप घेतले, पण खिज्राच्या कृतींचा हेतू त्यास मागाहून कळला.

इतके मौन ज्याच्यापुढे पाळावयाचे, त्याच्यावर काही मर्यादा असणे क्रमप्राप्तच होते. पीराने स्वतः होऊन अनुयायी गोळा करू नयेत. मुरीदाच्या द्रव्याची वा सेवेची अभिलाषा धरू नये. त्याने विश्वासाने सांगितलेले गुपित कोणापाशी उघड करू नये. आणि प्रत्येकाची कुवत ओळखून साधना सांगावी. दोष दिसल्यास थेट व्यक्तीवर ठपका न ठेवता सर्वांना उद्देशून, सूचकपणे बोलावे, म्हणजे उपदेश पोहोचतो व अप्रतिष्ठा टळते.

हे नियम प्रत्यक्षात कसे वापरले जात, ह्याचे उत्तम उदाहरण ह्याच ग्रंथाच्या अध्यापनाशी निगडित आहे. दिल्लीचे निजामुद्दीन औलिया (मृत्यू इ. स. 1325) यांनी ते स्वतः सांगितले असून, अमीर हसन सिज्झी यांनी ‘फवाइदुल फुआद’ मध्ये त्याची नोंद केली आहे. अजोधन येथे बाबा फरीद ‘अवारिफ’ शिकवीत असत. त्यांच्याजवळची प्रत सदोष असल्याने ते वाचताना अडखळत. तरुण निजामुद्दीन सहज बोलून गेले की, शेख नजीबुद्दीन मुतवक्किल यांच्यापाशी चांगली प्रत आहे. त्यावर, सदोष प्रत दुरुस्त करण्याचे सामर्थ्य ह्या दरवेशात नाही काय, असे उद्गार बाबांनी पुनःपुन्हा काढले. त्यांचा रोख कोणावर आहे हे निजामुद्दीनांना उमगलेच नाही. बद्रुद्दीन इसहाक यांनी ते ध्यानात आणून दिले. निजामुद्दीनांनी पाय धरून क्षमा मागितली, तरी बाबांचा रोष मावळला नाही. शोकाकुल होऊन ते बाहेर पडले आणि विहिरीत उडी घेण्याचा विचारही त्यांच्या मनात येऊन गेला. अखेर बाबांच्या पुत्राने रदबदली केली. मग बाबांनी त्यांना बोलावून घेतले, हे सारे त्यांच्याच पूर्णत्वासाठी केले असे सांगितले, पीरास वधूला शृंगारणाऱ्या स्त्रीची उपमा दिली आणि वस्त्र देऊन त्यांचा गौरव केला.

ह्या प्रसंगात दोन्ही अध्याय एकत्र आलेले दिसतात. विचारल्यावाचून बोलणे, हा मुरीदाचा प्रमाद. नाव न घेता दिलेला बोल, ही पीराची विहित रीत. पण त्या रीतीची मर्यादाही येथेच उघड होते. सूचक बोलणे ज्याला कळत नाही, त्याला ते उघड रागावण्याहूनही असह्य होते. शिवाय, पीराने मर्यादा ओलांडल्यास दाद मागण्याची कोणतीही व्यवस्था ग्रंथात सांगितलेली नाही. पीराचा संयम हीच मुरीदाची एकमेव हमी होती. व्यवहारात ती उणीव मध्यस्थाने भरून काढली.

पुढे निजामुद्दीन स्वतः पीर झाल्यावरही तेच घडले. वृद्ध बुर्हानुद्दीन गरीब घडी केलेल्या कांबळ्यावर बसतात, म्हणजे शेखाचे आसन मांडतात, अशी चहाडी कोणी केल्यावरून त्यांना खानकाहीतून जावे लागले; अमीर खुसरोंनी गळ्यात पागोटे घालून विनवणी केली, तेव्हा त्यांना क्षमा मिळाली. हेच बुर्हानुद्दीन पुढे दौलताबादेस आले. ते व अमीर हसन हे दोघेही आज खुलताबाद येथे चिरविश्रांती घेत आहेत.

अर्थात, अजोधनचा वृत्तान्त जो मुरीद पुढे पीर झाला त्याने अनेक वर्षांनी सांगितलेला आहे, हे विसरता येत नाही. ज्यांना क्षमा मिळाली नाही, त्यांचे वृत्तान्त जतन करण्याचे कारण अशा ग्रंथांना सहसा नव्हते. म्हणून 51 वा अध्याय वाचताना 52 वा अध्याय हाताशी ठेवणे, आणि दोन्ही वाचताना मध्यस्थाचा शोध घेणे, ह्यावाचून ह्या संबंधाचे यथार्थ स्वरूप आकळणे कठीण आहे.