गच्चीवरची बेगमी

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. दुपारची जेवणे आटोपून मी जरा लवंडलो होतो, तेवढ्यात साताऱ्याहून भाचा आला. हातात वही होती. "मामा, तू इतक्या कादंबऱ्यांची नावं ठेवलीस. आता माझ्या धंद्याचं एक ठेवून दे," म्हणाला.

हा आमच्या ताईचा मुलगा. इंजिनीअर झाला, आठ-नऊ वर्षे पुण्यात नोकरी केली, आणि आता घरांच्या छतावर सोलर बसवून देण्याचा व्यवसाय साताऱ्यात सुरू करतो आहे. भावोजींचे तिथे विजेच्या सामानाचे दुकान होते. तीस वर्षे चालवले त्यांनी. दोन वर्षांपूर्वी ते गेले. दुकानाच्या गाळ्यावर कर्ज काढून भाच्याने हा उद्योग मांडला आहे आणि जामीन म्हणून ताईची सही आहे. मी आयुष्यभर बँकेत कर्जप्रकरणे पाहिली. त्या सहीकडे मामा म्हणून पाहू की अधिकारी म्हणून, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

वहीत चाळीसेक नावे होती. निम्म्यांत 'व्होल्ट', 'वॅट', 'फोटॉन' असले काहीतरी आणि उरलेल्यांत 'ग्रीन' नाहीतर 'इको'. मी म्हटले, "अरे, तुझं गिऱ्हाईक कोण?" तर म्हणाला, बंगलेवाले, रो-हाऊसवाले, निवृत्त शिक्षक, दोन्ही मुले परगावी असलेली जोडपी. आता असल्या घरात फोटॉनचे काय काम? तिथे मंडळींच्या मनात दोनच प्रश्न असतात. बिल किती कमी होईल, आणि चार वर्षांनी काही बिघडले तर हा पोरगा फोन उचलेल का? नावात या दोन प्रश्नांची चाहूल हवी. बाकीचे शास्त्र त्याने आपल्या डोक्यात ठेवावे.

हे त्याला पटले आणि त्याने लगेच दुसरे टोक गाठले. संध्याकाळी चहाच्या वेळी नवी यादी तयार. सगळ्यात वर होते, 'शून्यबिल'.

नाव झकास होते. एकदा ऐकले की विसरणार नाही. पण मी त्याला ताईच्याच घरचे विजेचे बिल काढायला लावले. तिच्या गच्चीवर तीन किलोवॉटचा संच त्याने स्वतःच बसवलेला आहे. (या मापाच्या संचाला २०२४ साली सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत ७८,००० रुपये अनुदान ठरवले गेले.) त्या महिन्यात ताईने जेवढी वीज वापरली, त्याहून जास्त गच्चीवर तयार झाली होती. तरीही बिल शून्य नव्हते. वीज वापरा अगर न वापरा, जोडणी आहे तोवर 'स्थिर आकार' नावाची रक्कम द्यावीच लागते. सगळे मिळून शे-दीडशेच्या घरात बिल होते. अडीच हजारांवरून दीडशेवर येणे ही काही थोडकी गोष्ट नाही. पण ज्याच्या पाटीवर 'शून्य' लिहिले आहे, त्याला ते दीडशे रुपये पहिल्याच महिन्यात खोटे पाडतात. गिऱ्हाईक वाचलेले पैसे मोजत नाही, राहिलेले मोजते.

दुसरे नाव 'अखंड'. यात भरवशाचा सूर होता. मी विचारले, "वीज गेली की ताईकडे दिवे चालू राहतात का रे?" तो ओशाळला. वाचकांपैकी पुष्कळांना हे ठाऊक नसेल म्हणून सांगतो. घरोघरी बसतो तो सोलरचा साधा संच, म्हणजे ज्याला बॅटरी नसते तो, बाहेरची वीज गेली की आपणहून बंद पडतो. भर दुपारी, रखरखीत उन्हातसुद्धा. हा दोष नव्हे, मुद्दाम केलेली सोय आहे. बाहेर खांबावर चढलेल्या वायरमनला तार निर्जीव वाटावी आणि आपल्या गच्चीवरून तिच्यात वीज जावी, असे होऊ नये म्हणून. बॅटरीचा संच वेगळा मिळतो, पण त्याचा खर्च बराच जास्त. म्हणजे 'अखंड' नाव लावून साधा संच विकायचा, आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की चाळीस घरांतून फोन घ्यायचे.

मला माझ्या शाखेतला एक कर्जदार आठवला. पाणी तापवायचे सौर बंब विकायचा. दुकानाचे नाव सांगत नाही, पण त्यात 'हमखास' हा शब्द होता. दोन उन्हाळे बरे गेले. मग नळ्या गळायला लागल्या आणि दुरुस्तीला माणूस मिळेना. तोपर्यंत चारचौघांसारखा असलेला तो दुकानदार त्या एका शब्दामुळे गावाच्या चेष्टेचा विषय झाला. 'हमखास गळतो' ही म्हणच पडली. साधे नाव असते तर लोक रागावले असते आणि विसरलेही असते.

यादीत पुढे 'ऊर्जाबँक' होते. ते मी तिथल्या तिथे खोडले. १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याप्रमाणे बँक नसलेल्या कंपनीला आपल्या नावात हा शब्द घालता येत नाही. 'सूर्यघर'शी जुळणारे नावही नको म्हटले, कारण लोकांना ते सरकारी कार्यालय वाटेल, आणि ज्या दिवशी वाटणे थांबेल त्या दिवशी फसवल्यासारखे वाटेल. 'बचत' हा शब्द मात्र मला आवडला होता. तो सौ.ने खोडला. म्हणाली, "बचत म्हटलं की मला गट आठवतो, नाहीतर पतसंस्था." तिचे खरे होते. बचत सांगायला 'बचत' हा शब्दच नको होता.

रात्री जेवताना विषय तोच. भाचा सांगत होता की ताईच्या गच्चीवर एप्रिलमध्ये चारशेच्या आसपास युनिट झाली आणि जुलैमध्ये जेमतेम सव्वादोनशे. घरात लागतात तीनशे. मी विचारले, मग पावसाळ्यात कमी पडतात त्याचे काय? तर म्हणाला, उन्हाळ्यात जास्तीची झाली ती ग्रीडमध्ये जातात, आपल्या नावावर जमा राहतात आणि त्याच आर्थिक वर्षात पुढच्या महिन्यांत वळती होतात. सौ. भाकरी वाढता वाढता सहज म्हणाली, "म्हणजे पावसाळ्याची बेगमीच की!"

आम्ही दोघे तिच्याकडे पाहतच राहिलो.

बेगमी! पूर्वी चैत्र-वैशाखात गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड, मिरच्या पडत. डाळी ऊन खात. तेच ऊन डब्यांत भरून माळ्यावर जाई आणि आषाढ-श्रावणात ताटात येई. छत तेच, ऊन तेच, हिशेबही तोच. या शब्दात बचत आहे, पण आकडा नाही, म्हणून तो खोटा पडत नाही. भरवसा आहे, पण 'कधीच बंद पडणार नाही' अशी शपथ नाही. वेळेला उपयोगी पडेल, एवढेच तो सांगतो, आणि संचही तेवढेच करतो.

पण मला आवडले म्हणून पाटी रंगवायला टाकायची, हे कादंबरीला चालते, धंद्याला नाही. आम्ही परीक्षा घेतली. सौ.च्या भिशीत अकराजणी आहेत. सहा नावे चिठ्ठ्यांवर लिहून दिली. 'आवडले का' असे विचारायचे नाही, हा भाच्याचा नियम होता, कारण ओळखीचे लोक आवडले असेच म्हणतात. विचारायचे ते 'हे दुकान काय विकत असेल?' आणि पुढच्या आठवड्याला चिठ्ठी न दाखवता, 'कोणती नावं आठवतात?'

निकाल मिश्र लागला. 'बेगमी' नऊजणींना आठवले, बाकीच्या एकाही नावाला निम्म्या मतांची मजल मारता आली नाही. पण काय विकते म्हणाल, तर सातजणींनी उत्तर दिले, 'पापड-लोणची'! एकीच्या कॉलेजातल्या नातवाने तर 'बेगम' वाचले आणि साड्यांचे दुकान असेल म्हणाला. म्हणजे शब्द लक्षात राहतो, पण एकटा सोडला तर भलत्याच गल्लीत जातो.

उपाय अवघड नव्हता. मागे 'सोलर' जोडले. हा शब्द आता कोणालाच परका नाही. अगदी कामाला येणाऱ्या मावशीही 'सोलर' म्हणतात. खाली एक ओळ घातली, 'गच्चीवरची वीज'. पुन्हा विचारले तेव्हा पापडांचा प्रश्न मिटला. मग फोनवर नाव सांगून पाहिले. इंग्रजीत कोणी 'Begmi' लिहिले, कोणी 'Begami'. भाच्याने पहिले ठरवले आणि पाटी, पावतीपुस्तक, बँकखाते, जीएसटी, योजनेच्या संकेतस्थळावरची विक्रेता म्हणून नोंद, सगळीकडे तेच अक्षर न अक्षर ठेवायचे असे मी त्याच्याकडून वदवून घेतले. कोटेशनवर एक नाव, खात्यावर दुसरे आणि पावतीवर तिसरे असले की बँकेत कर्जाचे कागद अडतात, आणि गिऱ्हाईकाच्या मनातही पाल चुकचुकते.

व्यापारचिन्हाचा अर्ज बसवून देण्याच्या सेवांसाठी असलेल्या ३७ व्या वर्गात करायचा. नुसते 'सोलर' किंवा 'छत सोलर' यावर कोणाला हक्क सांगता येत नाही, कारण ती मालाचीच वर्णने झाली. 'बेगमी'चे तसे नाही. तरी अर्ज प्रसिद्ध झाल्यावर चार महिने कोणालाही हरकत घेता येते, तेवढी धाकधूक आहेच.

एक गोष्ट मात्र नावाने होण्यासारखी नव्हती. पॅनेलच्या वीजनिर्मितीची हमी सहसा पंचवीस वर्षांची असते, पण ती कारखान्याची. पंचविसाव्या वर्षी जिना चढून गच्चीवर येणारा माणूस कोण, हे कुठलाच शब्द सांगू शकत नाही. यावर भाचा बराच वेळ गप्प होता. मग त्याने वहीत पाटीचे चित्र काढले. वर मोठ्या अक्षरांत 'बेगमी सोलर', त्याखाली 'गच्चीवरची वीज', आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, भावोजींच्या दुकानाचे जुने नाव. ज्या नावाकडे तीस वर्षे लोक जळालेला फ्यूज घेऊन आले आणि दुरुस्त करून घेऊन गेले, ते.

पाटी ताईला दाखवली तेव्हा तिने वरची अक्षरे वाचलीच नाहीत. तळाच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "हे आहे ना, मग आता फोन उचलावा लागेल हं तुला. रात्री-अपरात्रीसुद्धा."

कर्जाच्या कागदावर तिने कुठे सही केली आहे, ते तिला बरोबर ठाऊक होते.