रात्री उघडणारा डबा

समजा, पंचविशीतली एक मुलगी आहे. सोमवारपासून ती भात, पोळी, गोड सगळं बंद करते. चहातल्या साखरेपासून मूठभर शेंगदाण्यांपर्यंत प्रत्येक घास मोबाइलवर नोंदवते. गुरुवारी रात्री घरचे झोपल्यावर ती चिवड्याचा डबा उघडते आणि उभ्याउभ्याच संपवते. मग उरलेल्या पोळ्या, मग गूळ. चव कळत नाही, हात थांबत नाही. शुक्रवारी शिक्षा म्हणून ती दिवसभर उपाशी राहते आणि शनिवारी रात्री डबा पुन्हा उघडतो.

घरचे म्हणतात, ‘मनावर ताबा नाही.’ हे निदान चुकीचं आहे. 1944-45 साली मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीझ यांनी 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांना अन्नाचाच ध्यास लागला. काहीजण पाककृतींची पुस्तकं वाचत बसत. पुन्हा पोटभर जेवायला मिळू लागल्यावर काहींना कितीही खाल्लं तरी समाधान होईना. म्हणजे गुरुवारच्या त्या अनावर खाण्याची मुळं सोमवारच्या उपासमारीत असतात. शुक्रवारचा उपास हा उपाय नव्हेच, त्यानं पुढच्या रात्रीची तयारी होते.

नोंद ठेवणं वाईट नाही. मधुमेहींना तर त्याचा उपयोगच होतो. पण एक घास नोंदवायचा राहिला म्हणून दिवस वाया गेल्यासारखा वाटणं, वजनकाट्यावर दिवसातून चारदा चढणं, आईनं फोडणीला किती तेल घातलं या धास्तीनं घरचं जेवण किंवा लग्नाची पंगत टाळणं, ही काळजीची लक्षणं आहेत. लपवून खाणं, नंतर मुद्दाम उलटी करणं, जुलाबाची औषधं घेणं किंवा खाल्लेलं ‘फेडायला’ आजारपणातही व्यायाम करणं ही त्याहून गंभीर. पाळी चुकणं, केस गळणं, सतत थंडी वाजणं हेही शरीराचे इशारेच. वजन नेहमीसारखं दिसतं म्हणून यातलं काहीही खोटं ठरत नाही, आणि मुलांनाही हा त्रास होतो.

अनावर खाणं आठवड्यातून एकदा तरी, असं तीन महिने चालू राहिलं की डॉक्टर त्याला आजाराचं नाव देऊ शकतात. मदत मागायला मात्र तितकं थांबू नये. आधी फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब, नाडी आणि रक्तातले क्षार तपासून घ्यावेत. मग मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक, आणि खाण्याच्या विकारांची जाण असलेले आहारतज्ज्ञ. उपचाराची सुरुवात बहुधा रुग्णाला चकित करते: दिवसातून तीन वेळा जेवण, मध्ये थोडं खाणं, आणि आदल्या रात्री कितीही खाल्लेलं असलं तरी सकाळची न्याहारी चुकवायची नाही.

चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, उलटीत रक्त दिसलं तर थेट रुग्णालय गाठावं. वारंवार उलट्यांनी पोटॅशियम घटून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. जीव नकोसा वाटत असेल तर त्या व्यक्तीला एकटं सोडू नये. ‘टेली-मानस’च्या 14416 या सरकारी क्रमांकावर रात्रीही फोन करता येतो.