शेळीला औषध पाजताना आणि सुई टोचताना

पावसाळ्याच्या तोंडावर सातपुड्यातल्या एका पाड्यावर आम्ही शेळ्यांना जंताचे औषध पाजत होतो. एका आजींनी शेळी मांड्यांत धरली, तिचे तोंड आभाळाकडे केले आणि बाटली उलटी केली. शेळीला ठसका लागला. मी शेजारीच उभा होतो, पण आजींना थांबवले नाही, कारण तोवर मीही तसेच पाजत असे. तिसऱ्या दिवशी शेळीला ताप आला, नाक वाहू लागले, ती धापा टाकू लागली. औषध फुप्फुसात गेले होते. आजींच्या तीन शेळ्यांपैकी ती एक गेली.

मान उंच केली की शेळीला नीट गिळता येत नाही आणि औषध श्वासनलिकेत उतरते. म्हणून तोंड जमिनीला समांतर, फार तर किंचित वर धरावे. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये, ओठांच्या कोपऱ्याजवळ मोकळी जागा असते. तिथून सुई काढलेली सिरिंज घालून औषध जिभेच्या मागच्या भागावर थोडे थोडे सोडावे आणि घोट गिळला की पुढचे द्यावे. खोकली, तर लगेच डोके मोकळे सोडावे. ठसका शांत होईपर्यंत घाई नको.

मात्रा अंदाजाने देऊ नये. शेळीला गोणपाटाच्या झोळीत घालून धान्याच्या लोंबत्या काट्याला टांगले की वजन कळते. शेळी 20 किलोची, डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा किलोमागे 7.5 मिलिग्रॅम आणि बाटलीतल्या एका मिलिलिटरमध्ये 25 मिलिग्रॅम औषध असेल, तर 150 मिलिग्रॅम म्हणजे 6 मिलिलिटर होतात. कमी दिले तर जंत पुरते मरत नाहीत आणि उरलेले त्या औषधाला दाद देईनासे होतात. गाभण शेळी असेल तर आधी डॉक्टरांना विचारावेच, काही जंतनाशके सुरुवातीच्या दिवसांत गर्भाला बाधतात.

इंजेक्शनच्या वेळी वेगळीच चूक दिसते. मांडी भरलेली वाटते म्हणून लोक तिथे टोचतात. पण शेळीच्या मांडीत मांस थोडे आणि मोठी नस जवळ. नसेला सुई लागली तर पाय लुळा पडतो. पीपीआरची लस तर मांसात नव्हे, कातडीखाली द्यायची असते. मानेच्या बाजूला किंवा खांद्यामागे कातडी चिमटीत उचलून तंबू करावा आणि त्याच्या पायथ्याशी सुई घालावी. केस ओले झाले, तर सुई पलीकडून बाहेर आली असे समजावे.

प्रत्येक जनावराला नवी सुई हवी. एकच सुई कळपभर फिरवली तर एकीचा रोग दुसरीला जातो, आणि बोथट सुईने गाठी येऊन पू होतो. वापरलेली सुई लसीच्या बाटलीत पुन्हा बुडवू नये. भरण्यासाठी एक स्वच्छ सुई बुचातच ठेवावी. पीपीआरची लस जिवंत विषाणूंची असल्याने सिरिंज स्पिरिटने धुवू नये, त्याने लसच मरते. कालवलेली लस बर्फावर ठेवून दोन तासांत संपवावी. वापरलेल्या सुया आम्ही जाड प्लास्टिकच्या डब्यात भरून दवाखान्यात देतो, कारण पाड्यावर मुले अनवाणी हिंडतात.