जुन्या डेव्हलपरला लिहायचं पत्र

समजा, सांगलीतल्या एका हळद व्यापाऱ्याने काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या मुलाकडून वेबसाइट करून घेतली. डॉट कॉम नावही त्यानेच घेऊन दिलं. आता तो मुलगा नोकरीसाठी पुण्यात आहे आणि नवी साइट करणाऱ्या बाई विचारतात, "डोमेन आहे कुठे?"

पत्र लिहायच्या आधी lookup.icann.org वर ते नाव टाकून पाहावं. मालकाचं नाव बहुधा झाकलेलंच दिसतं. पण डोमेन कोणत्या रजिस्ट्रारकडे म्हणजे नोंदणी कंपनीकडे आहे आणि मुदत कधी संपते, हे कळतं. स्थितीच्या जागी clientTransferProhibited असं दिसलं, तर डोमेनला कुलूप आहे. ते आधी निघाल्याशिवाय कोड हाती असूनही डोमेन हलत नाही.

पत्रात बहुतेक जण पहिल्यांदा लॉगिन मागतात, आणि गाडी तिथेच अडते. डेव्हलपरच्या एकाच खात्यात अनेक गिऱ्हाइकांची डोमेन असतात. तो पासवर्ड देणार कसा? त्याचा नकार रास्तच असतो. म्हणून खातं फक्त आपल्यापुरतं असेल तरच लॉगिन मागावं, नाहीतर डोमेन तेवढं मागावं:

"स.न.वि.वि. आपल्या साइटचं डोमेन आमच्या खात्यात घ्यायचं आहे. खातं फक्त आमचंच असेल, तर लॉगिन द्यावं आणि त्यातला ईमेल बदलून आमचा टाकावा. इतरांचीही डोमेन असतील, तर कुलूप काढून ट्रान्सफर कोड पाठवावा. सध्याच्या डीएनएस नोंदींची प्रतही द्यावी. आपलं काही येणं बाकी असेल तर कळवावं."

शेवटून दुसरं वाक्य क्षुल्लक वाटतं, पण सर्वांत मोठा घोटाळा तिथेच होतो. डीएनएस जुन्या रजिस्ट्रारकडेच चालत असेल, तर डोमेन हलल्यावर तिथल्या नोंदी बंद पडू शकतात. साइट नवी असल्याने तिच्याकडे लक्ष असतं, मेलकडे नसतं. ऑर्डरचे ईमेल दोन दिवस आले नाहीत, की मग एमएक्स नोंद राहून गेल्याचं ध्यानात येतं.

कोड म्हणजे डोमेनची किल्ली. तो व्हॉट्सअॅप ग्रुपवर न टाकता थेट मालकालाच पाठवायचा. नव्या रजिस्ट्रारकडे तो भरला की डॉट कॉमचं हस्तांतर साधारण पाच ते सात दिवसांत पुरं होतं आणि मुदत एक वर्षाने वाढते. मात्र नोंदणी किंवा आधीच्या हस्तांतराला 60 दिवस झाले नसतील, तर विनंती परत येते. मालकाचं नाव बदलल्यावरही अनेकदा तितकेच दिवस थांबावं लागतं. म्हणून डोमेन आधी हलवावं, नाव नंतर बदलावं.

पत्राला उत्तरच आलं नाही, तर सगळं नोंदीवर अवलंबून राहतं. नोंदणी व्यापाऱ्याच्या नावावर असेल, तर त्याने थेट रजिस्ट्रारकडे जावं. आयकॅनच्या नियमानुसार नोंदणीधारकाने मागितल्यावर पाच दिवसांत कोड मिळायला हवा. नोंदणी मुलाच्या नावावर असेल, तर रजिस्ट्रारच्या लेखी मालक तोच. मग जुनी बिलं, पैसे दिल्याच्या नोंदी आणि त्या वेळचे ईमेल गोळा करून वकील गाठावा लागतो.